सासरे घरी आले, मग नवरा आत का?

वकीलकाका, नमस्कार. आम्ही इंदूरलाच, रामबागेत राहतो. २०२१ साली शेजाऱ्यांशी भिंतीवरून मारामारी झाली होती. त्या केसचा सेशन कोर्टाचा निकाल लागून आज नऊ दिवस झाले. माझ्या नवऱ्याला जुन्या दंड संहितेच्या कलम ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केली म्हणून, ५ वर्षं आणि ५,००० रुपये दंड, सासऱ्यांना कलम ३२४ खाली, म्हणजे तशाच हत्याराने साधी दुखापत केली म्हणून, १ वर्ष. दोघेही जामिनावर होते, एकही पेशी चुकवली नाही. सासऱ्यांना जज्जसाहेबांनी त्याच संध्याकाळी ३० दिवसांसाठी सोडलं, ह्यांना मात्र तिथूनच सेंट्रल जेलला नेलं. कोर्ट एक, केस एक, मग असं का? आमचे वकील म्हणतात, अपिलाला ६० दिवस आहेत, घाई नको. मामेसासरे म्हणतात, आधी जामीन होता तर आताही मिळणारच. नणंदेच्या ओळखीचा एक माणूस म्हणतो, दोन लाख द्या, आठ दिवसांत बाहेर. पोलिसांतल्या तक्रारीत सळई सासऱ्यांच्या हातात लिहिली होती, कोर्टातल्या साक्षीत ती ह्यांच्या हातात आली. हे दाखवलं तर ह्यांची सुटका होईल ना? मुलगा सातवीत आहे, त्याला अजून काही सांगितलेलं नाही.
एक वाचक, इंदूर

ताई,

पत्रभर काळजी नवऱ्याची आहे, आणि ती असणारच. पण मला आधी धास्ती वाटली ती घरी बसलेल्या सासऱ्यांची. त्यांच्या ३० दिवसांतले नऊ तुम्ही लिहीपर्यंत गेले होते, मी उत्तर लिहायला बसेपर्यंत आणखी तीन गेले. उरले १८. सासरे सुटलेले नाहीत, त्यांना वरच्या कोर्टात जाण्यापुरती सवड मिळाली आहे.

जज्जसाहेबांनी दोघांत डावं-उजवं केलं असं मला वाटत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ह्यासाठी कलम ३८९ होतं. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तेच कलम ४३० झालं आहे. शब्द जवळजवळ तेच असल्यामुळे अर्जावर दोन्ही आकडे दिसले तरी गोंधळू नका. ह्या कलमात शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टाच्या हाती फार थोडं ठेवलेलं आहे. आरोपी जामिनावर असेल, शिक्षा ३ वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि अपील करणार असल्याचं तो कोर्टाला पटवून देत असेल, तर एरवी कोर्टाने त्याला तेवढ्यापुरतं सोडायचं. नाकारायचं असेल तर तसं खास कारण लागतं. सासऱ्यांचं १ वर्ष ह्या मापात बसलं. नवऱ्याची ५ वर्षं बसत नाहीत, त्यामुळे जज्जसाहेबांच्या मनात असतं तरी त्या संध्याकाळी त्यांना सोडता आलं नसतं. त्यांच्यासाठी तो अधिकार फक्त अपील ऐकणाऱ्या कोर्टाला आहे.

आता तुमच्या वकिलांचे ६० दिवस. सेशन कोर्टाच्या निकालावर हायकोर्टात अपील करायची मुदत ६० दिवसांची आहे, हे खरं. पण ती झाली अपील दाखल करायची मुदत. सासऱ्यांना मोकळं ठेवणारी मुदत वेगळी आहे, ती ३० दिवसांची, आणि ती आधी संपते. नुसतं अपील दाखल केलं म्हणून ती लांबत नाही. त्या ३० दिवसांच्या आत हायकोर्टाने त्यांच्या शिक्षेला स्थगिती द्यायला हवी. एकतिसाव्या दिवशी हातात आदेश नसेल तर स्थगिती संपली, त्यांना कोर्टापुढे हजर व्हावं लागेल, नाहीतर वॉरंट निघेल. माझ्या वकिलीत असे दोन म्हातारे मी पाहिले, दोघांचीही अपिलं वेळेत दाखल झालेली होती. हायकोर्टात अर्ज पडून राहिला आणि तारीख जवळ आली तर मुदत वाढवून द्या म्हणून त्याच सेशन कोर्टाला विनंती करता येते. पण ते देतीलच ह्या भरवशावर राहू नका.

वकिलांना आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारा, कारण ह्यात मी भल्याभल्यांना चुकताना पाहिलं आहे. सासऱ्यांची शिक्षा एका वर्षाची आहे म्हणून त्यांचं अपील खाली कुठे जात नाही. खटला सेशन जज्जांपुढे चालला, तेव्हा शिक्षा कितीही लहान असली तरी अपील हायकोर्टातच, म्हणजे आपल्याकडे महात्मा गांधी मार्गावरच्या इंदूर खंडपीठात.

निकालाची नक्कल मिळाली नाही म्हणून कोणी थांबायला सांगत असेल तर तेही ऐकू नका. कैदेची शिक्षा झाली की आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते. तुमच्या घरात सापडत नसेल तर ती नवऱ्याबरोबर जेलमध्ये गेली असेल किंवा वकिलांच्या फाइलीत असेल. नवऱ्याचा वकालतनामाही जेलमध्ये पाठवून, त्यांची सही घेऊन आणि जेल अधिकाऱ्यांचा शिक्का घेऊन परत आणावा लागतो. ह्यात दोन-चार दिवस सहज जातात. तो कागद आजच पाठवा.

मामेसासऱ्यांचं म्हणणं मात्र मला खोडावं लागेल. खटला चालू असताना माणूस कायद्याच्या लेखी निर्दोष असतो आणि त्या वेळचा जामीन त्या पायावर उभा असतो. निकालानंतर तो पाया राहत नाही. आता कोर्टापुढे उभा असतो तो दोषी ठरलेला माणूस, आणि त्याची शिक्षा का थांबवायची ह्याची कारणं कोर्टाला आदेशात लिहावी लागतात. जुना जामीन कामाला येतो तो एवढ्याचसाठी की इतकी वर्षं बाहेर राहून माणूस पळाला नाही, पेशी चुकवली नाही, साक्षीदारांना दमदाटी केली नाही, हे त्यातून दिसतं. ही जमेची बाजू आहे, ती अर्जात पेशींच्या नोंदींसह यायला हवी. तेवढ्यावर ‘मिळणारच’ म्हणता येत नाही.

तरीही तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत मला बरीच आशा वाटते, आणि तिचं कारण वेगळं आहे. त्यांची शिक्षा ठराविक मुदतीची आहे. हायकोर्टात अपील दाखल होतं, खालचं रेकॉर्ड मागवलं जातं, आणि मग ते अंतिम सुनावणीच्या रांगेत कित्येक वर्षं उभं राहतं. तोवर माणूस आत राहिला आणि पुढे निर्दोष सुटला, तर त्याने भोगलेली वर्षं परत कोण देणार? सुप्रीम कोर्टाने १९७७ साली कश्मीरासिंग ह्यांच्या प्रकरणात हाच प्रश्न केला होता. अपील वाजवी काळात ऐकता येत नसेल तर एरवी माणसाला तोपर्यंत सोडावं, असं तिथे म्हटलं आहे, आणि ते प्रकरण तर जन्मठेपेचं होतं. पुढे १९९९ साली गुजरातमधून गेलेल्या भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात आणखी स्पष्ट सांगितलं गेलं की शिक्षा ठराविक मुदतीची असेल आणि खास अडचण नसेल, तर स्थगितीचा विचार मोकळ्या हाताने करावा, आणि ती देता येत नसेल तर अपील लवकर ऐकायचा प्रयत्न करावा. तुमच्या वकिलांना हे दोन्ही निकाल तोंडपाठ असतील. अर्जात ते आहेत की नाहीत एवढं फक्त बघा.

‘खास अडचण’ म्हणजे काय, तर दुसरे गुन्हे असणं, मधल्या काळात जखमीला धमकावणं, पूर्वी फरार होणं, किंवा गुन्हाच फार क्रूर असणं. शेजारी भिंतीपलीकडेच राहतात ना? मग घरातल्या कुणीही ह्या दिवसांत त्यांच्याशी एक शब्दही वाकडा बोलू नये. समेटाची बोलणीही वकिलांशिवाय नकोत. चार माणसं घेऊन समजवायला गेलेले लोक दुसऱ्या दिवशी धमकीच्या तक्रारीत सापडलेले मी पाहिले आहेत, आणि सरकारी वकिलाच्या हाती एवढा कागद पुरतो. कलम ३२६ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून तुमच्या नवऱ्याला सोडण्याआधी सरकारी वकिलाला लेखी विरोध नोंदवायची संधी द्यावीच लागते. त्यासाठी एखादी तारीख पुढे गेली तर घाबरू नका.

आता सळईचं. इथे तुमचा मुद्दा चांगला आहे, पण तुम्ही समजता तसा तो चालत नाही. स्थगितीच्या अर्जावर हायकोर्ट खटला पुन्हा ऐकत नाही. साक्षी वजनाला लावत नाही, उलटतपासणी ओळीओळीने वाचत नाही. निकालात उघड्या डोळ्यांना दिसेल असं काही आहे का, ज्यामुळे अपील यशस्वी व्हायची बरी शक्यता वाटते, एवढंच बघतं. चाळीस पानांचा अर्ज म्हणूनच फुकट जातो. अर्ज सहा पानांचा असावा, आणि सळईची गोष्ट त्यात एका पानात, तक्रारीतलं वाक्य आणि साक्षीतलं वाक्य शेजारी ठेवून, मांडलेली असावी.

ह्यात बारकावा असा. मारामारीत अनेक आरोपी असले की पोलीस जुन्या दंड संहितेचं कलम ३४ लावत, म्हणजे सगळ्यांचा इरादा एकच होता असं धरत. ते लागू झालं की सळई कुणाच्या हातात होती ह्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण एकाने केलेलं सगळ्यांच्या माथी येतं. पण तुमच्या सासऱ्यांना ३२६ खाली दोषी धरलेलं नाही, ३२४ खाली धरलं आहे. ह्याचा अर्थ जज्जसाहेबांनी ज्याचं कृत्य त्याच्या नावावर टाकलं असावं. निकालाची शेवटची पानं उघडून बघा. तसं असेल तर तुमच्या नवऱ्याची ५ वर्षं सगळी त्या सळईवर उभी आहेत, आणि तक्रारीत ती दुसऱ्याच्या हातात असणं हा खरोखर पहिल्या पानावर घेण्याजोगा मुद्दा आहे.

आणि तो दुसरा म्हणजे तुमचे सासरे.

हे तुमच्या लक्षात आलं आहे की नाही, पत्रावरून कळत नाही. एकाच निकालावर दोघांचं मिळून एक अपील करता येतं, खर्च वाचतो म्हणून बरेच लोक तसं करतातही. पण एकच वकील एका श्वासात ‘सळई मुलाच्या हातात नव्हती’ आणि दुसऱ्या श्वासात ‘वडिलांनी काही केलं नाही’ असं कसं म्हणणार? तो दोन्ही मुद्दे बोथट करील, आणि त्याचं नुकसान नवऱ्याला जास्त होईल, कारण त्यांची शिक्षा मोठी आहे. सासऱ्यांना ह्यात कितपत धोका आहे, तर तुमच्या अपिलात तुमचीच शिक्षा वाढवता येत नाही, तेवढा आधार आहे. मात्र सरकार कमी शिक्षेवर अपील करू शकतं, आणि कमी गंभीर कलमाखाली दोषी धरल्याबद्दल जखमी व्यक्तीही अपिलात जाऊ शकते. त्यांनी तसं केलं आणि सळई सासऱ्यांच्या हातात असल्याचं तुमच्याच कागदावर असलं, तर अवघड होईल. म्हणून माझं मत असं की अपिलं दोन करा आणि वकीलही दोन ठेवा. हायकोर्ट ती एकत्रच ऐकेल. सासऱ्यांना हे आधी समजावून सांगा, तुम्ही नाही, सासूबाईंनी किंवा मामेसासऱ्यांनी. सुनेच्या तोंडून ते वेगळं ऐकू येईल.

दोन लाखवाल्याला दारातूनच वाटे लावा. अर्ज कोणत्या दिवशी लागेल हे वकीलही नक्की सांगू शकत नाही, तो काय सांगणार? अशा लोकांची युक्ती ठरलेली आहे. ज्या अर्जात स्थगिती मिळण्याचा संभव असतो तिथेच ते पैसे मागतात. मिळाली तर त्यांनी केलं, नाही मिळाली तर साहेब बदलले. वकिलाची फी परवडत नसेल तर जेलमध्ये असलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जेल अधीक्षकांकडे किंवा हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, १५१०० हा फोन नंबरही आहे. बाहेर धावपळ करणारं कोणी नसेल तर कैदी आपलं अपील जेल अधीक्षकांमार्फत थेट पाठवू शकतो. हे मी तुमच्यापेक्षा दुसऱ्या वाचकांसाठी लिहितो आहे.

एक हिशेब मात्र घरात सगळ्यांनी समजून घ्या. २०२१ मध्ये अटकेनंतर जामीन मिळेपर्यंत नवरा किती दिवस आत होता? समजा ७० दिवस. ते ५ वर्षांतून वजा होतात, निकालात तसं लिहिलेलं आहे का बघा. निकालापासून सुटकेपर्यंत समजा ५० दिवस गेले, तेही वजा होतात. म्हणजे सुमारे चार महिने भोगून झाले. पण स्थगितीवर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरत नाहीत. सहा वर्षांनी अपील फेटाळलं गेलं तर उरलेली चार वर्षं आठ महिने तेव्हा भोगावी लागतील, आणि तेव्हा तुमचा मुलगा कॉलेजात असेल. म्हणून बाहेर आल्यावर अपील विसरायचं नसतं. स्थगितीने शिक्षा थांबते, दोष तसाच राहतो. नवरा सरकारी नोकरीत असता तर सुटका होऊनही नोकरी जाऊ शकली असती, कारण तिथे दोषी ठरणं पुरतं. दोषालाच स्थगिती मागता येते, पण ती क्वचित आणि फार वेगळ्या कारणांसाठी मिळते.

पहिला अर्ज नाकारला गेला तर अपील बुडालं असं होत नाही. सुनावणीत न्यायमूर्तींचा कल विरुद्ध दिसला की अनुभवी वकील अर्ज मागे घेतो, आणि काही काळाने पुन्हा करायची मुभा आदेशात लिहून घेतो. हे बाहेर ऐकून घरचे वकिलावर चिडतात, पण ते शहाणपणाचं असतं. कारणं लिहून फेटाळलेला अर्ज पुढच्या वेळी आडवा येतो. आणखी काही महिने आत गेले आणि अपील अजून लागलेलं नाही, हेच दुसऱ्या अर्जाचं नवं कारण होतं.

स्थगिती मिळाली, तर आदेशात साधारण तीन गोष्टी असतील. दंड भरलेला असावा, अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच ऐपतीचा एक जामीनदार असावा, आणि नवऱ्याने ठरल्या तारखेला हायकोर्टाच्या रजिस्ट्रीत हजर व्हावं. दंडाचे ५,००० आजच भरून पावती वकिलांकडे द्या, अर्जालाही ती शोभते. मुचलका हायकोर्टात नाही, सेशन कोर्टात द्यायचा असतो. पन्नास हजारांचा मुचलका आपल्याकडे नेहमीचा आहे. जामीनदार आतापासून बघून ठेवा, शेतीवाला असेल तर त्याच्या जमिनीची ऋण पुस्तिका, जिला आपण सगळे पावती म्हणतो, मूळची आणावी लागेल. तिच्यावर आधीच कुणाच्या जामिनाची नोंद असेल तर ती चालत नाही, आणि हे बहुतेक वेळा बाबूच्या टेबलापाशी उभं राहिल्यावर कळतं. मुचलका मंजूर झाला की कोर्टातून सुटकेचा आदेश जेलला जातो. तो संध्याकाळच्या बंदीआधी पोचला तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुटका होते. शुक्रवारी दुपारी आदेश हाती आला तर जामीनदाराला जेवायलाही घरी पाठवू नका.

रजिस्ट्रीतली ती पहिली तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. बाहेर आल्याच्या आनंदात लोक तीच चुकवतात, मग वॉरंट निघतं आणि जामीनदाराला नोटीस जाते. सासऱ्यांची तारीख वेगळी असेल, ती वेगळ्या शाईने लिहा.